फोन येतात, माणसं फ्लॅट बघून जातात, पण ठरत नाही: भाड्याची जाहिरात कशी दुरुस्त करावी

कोथरूडमधला माझ्या मावशीचा २ बीएचके फ्लॅट गेल्या उन्हाळ्यात पाच आठवडे रिकामा पडून होता. जाहिरात चालू होती, दर आठवड्याला ती वर आणली जात होती, फोनही येत होते. मावशीची सवय चांगली, तिने एका वहीत प्रत्येक फोन लिहून ठेवला होता. ३१ फोन, त्यांतले १४ जण प्रत्यक्ष बघायला आले, आणि १४ पैकी एकानेही टोकन दिलं नाही. "अगं, येतात, बघतात, 'कळवतो' म्हणतात आणि जातात. भाडं कमी करू का?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, थांब, भाड्याला हात लावण्याआधी वही दाखव.

तुमच्याकडेही असंच होत असेल, तर गळती कुठे आहे ते आधी ठरवा, कारण प्रत्येक ठिकाणची दुरुस्ती निराळी असते. फोनच येत नसतील तर दोष बहुतेक भाड्याच्या आकड्यात, पहिल्या फोटोत किंवा पहिल्या दोन ओळींत असतो. फोन येतात पण दोन मिनिटांत संपतात, म्हणजे लोकांना लागणारी एखादी गोष्ट जाहिरातीत लिहिलेलीच नाही. माणसं बघायला येतात आणि नाही म्हणतात, म्हणजे जाहिरातीने एक घर दाखवलं आणि दार उघडल्यावर दुसरंच निघालं. आणि सगळं पसंत पडूनही टोकनच्या वेळी माघार घेतात, तेव्हा डिपॉझिट, नोटीस, रंगकामाची कपात यांपैकी काहीतरी शेवटच्या क्षणी पुढे आलेलं असतं. मावशीचा रोग तिसऱ्या प्रकारचा होता. माझ्या पाहण्यात हाच सगळ्यात जास्त आढळतो, आणि जाहिरात नीट लिहून बरा होणाराही हाच.

तिची जाहिरात अशी होती:

"कोथरूडच्या मध्यवर्ती भागात, मेट्रोपासून हाकेच्या अंतरावर, प्रशस्त व हवेशीर २ बीएचके फ्लॅट. १०५० स्क्वेअर फूट. ईस्ट फेसिंग. सेमी-फर्निश्ड. २४ तास पाणी. पार्किंगसह. सर्व सुविधा जवळ. फक्त फॅमिली. भाडे वाजवी. त्वरित संपर्क साधा."

यात खोटं असं काही नाही. मावशी खोटं लिहिणाऱ्यातली नाहीच. पण वाचणारा प्रत्येक शब्दात आपल्या मनातलं घर भरतो, आणि ते घर तिथे नसतं. म्हणून आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि आलेल्या १४ जणांपैकी ज्यांनी नकाराचं कारण सांगितलं होतं त्यांची कारणं एका कागदावर काढली. चार जणांना घर "वाटलं त्यापेक्षा लहान" वाटलं. तिघांना दुसरी बेडरूम अंधारी वाटली. दोघांची गाडी पार्किंगमध्ये नीट मावत नव्हती. एका बाईंनी मेट्रो लांब आहे म्हटलं. एक जोडपं म्हणालं, "ईस्ट फेसिंग लिहिलंय, मग दुपारचं ऊन हॉलमध्ये कसं?" बाकीचे नुसतेच "कळवतो" म्हणाले. हा कागद म्हणजेच दुरुस्तीची यादी. ज्या कारणाने माणसं दारातून परत जातात, ते कारण जाहिरातीतच असायला हवं. म्हणजे ज्यांना ते चालणार नाही ते येतच नाहीत, आणि जे येतात ते ते मान्य करूनच येतात.

पहिला शब्द घेतला "प्रशस्त", आणि त्याच्या शेजारचा १०५०. हा आकडा २००६ सालच्या खरेदीखतातला, म्हणजे विक्रीचं क्षेत्रफळ. त्यात जिना, लॉबी, बाहेरच्या भिंती यांचा वाटा धरलेला. भाडेकरूला तो वाटा वापरायला मिळत नाही, त्याला पलंग आणि कपाट कुठे बसेल ते हवं असतं. टेप घेऊन आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं. हॉल १७ बाय ११ फूट, स्वयंपाकघर ९ बाय ९, मोठी बेडरूम १३ बाय ११, लहान ११ बाय १०. एक बाथरूम ८ बाय साडेचार, दुसरं ७ बाय ४, आणि मधला पॅसेज १२ बाय साडेतीन. बेरीज ६२७ चौरस फूट. बाल्कनी वेगळी, ९ बाय ४. रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती कार्पेट एरियात धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत, त्यामुळे त्या हिशेबाने आकडा ६२७ पेक्षा थोडा वाढेल. पण भाड्यासाठी मला भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप जास्त प्रामाणिक वाटतं, आणि ते कसं मोजलं हे सोबत लिहिलं की वादच उरत नाही.

मावशी दचकली. "१०५० चं ६२७ लिहिलं तर कोण फोन करेल?" तिची भीती रास्त होती. शोधताना लोक क्षेत्रफळाची गाळणी लावतात, त्यामुळे आकडा खाली आला की काही शोधांतून जाहिरात गळते. पण ज्याला हजार चौरस फूट वापरायला हवंय तो दारात येऊन परतच जाणार होता, आणि तसे चार जण गेलेही होते. जाहिरात भरताना बहुतेक ठिकाणी कार्पेट आणि बिल्ट-अप असे वेगळे रकाने असतात. कार्पेटच्या रकान्यात कार्पेटचाच आकडा टाकायचा. १०५० द्यायचाच असेल तर मजकुरात "खरेदीखतातील विक्री क्षेत्रफळ १०५०" असं नाव देऊन द्यावा. आणि नुसत्या एकूण आकड्यापेक्षा खोल्यांची मापं जास्त काम करतात. १३ बाय ११ च्या खोलीत सहा बाय साडेसहाचा पलंग, एक कपाट आणि अभ्यासाचं टेबल बसतं, हे वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसतं. "प्रशस्त" मधून काहीच दिसत नाही.

मग "ईस्ट फेसिंग". आपल्याकडे हा शब्द दोन अर्थांनी फिरतो. वास्तू बघणारा मुख्य दाराची दिशा धरतो, आणि उजेड-वारा बघणारा बाल्कनी व खिडक्यांची. मावशीच्या फ्लॅटचं दार पूर्वेला आहे, म्हणजे हॉलची बाल्कनी नेमकी पश्चिमेला. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर हॉलमध्ये थेट ऊन येतं. त्या जोडप्याची तक्रार बरोबरच होती. आता जाहिरातीत दोन्ही दिशा आहेत: मुख्य दार पूर्वेला, हॉलची बाल्कनी पश्चिमेला, उन्हाळ्यात दुपारी तीनपासून ऊन. शिवाय मावशीने बाल्कनीला बांबूची चिक लावून घेतली आणि तेही लिहिलं. एखादी उणीव थोडक्या खर्चात दूर होत असेल तर आधी ती दूर करा आणि मग लिहा. तिच्या कपाटाचं एक सरकतं दार अडकत होतं. ते जाहिरातीत लिहायची गोष्टच नव्हे, सुताराला बोलवायची होती.

"हवेशीर" या शब्दाने तिचं सगळ्यात जास्त नुकसान केलं होतं. हॉल आणि स्वयंपाकघर खरोखर हवेशीर आहेत, बाल्कनीचं दार आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली की वारा आरपार जातो. पण लहान बेडरूमची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडते. मध्ये जेमतेम दहा फुटांची मोकळी पट्टी, दिवसाही वाचायला बसायचं तर दिवा लावावा लागतो. घरात शिरल्यापासून माणूस खूश असतो, आणि शेवटची खोली बघून चेहरा उतरतो. मी म्हटलं, हे स्पष्ट लिहायचं. मावशी म्हणाली, "आपणच आपल्या घराला नावं ठेवायची?" मी तिला म्हटलं, तू नुसतं लिही की खिडकीसमोर दहा फुटांवर भिंत आहे आणि दिवसा दिवा लागतो. "अंधारी खोली" असं कोणी लिहायला सांगत नाही. पहिली माहिती आहे, दुसरा शेरा आहे. त्या खोलीत रस्त्याचा आवाज येत नाही हेही तितकंच खरं आहे, पण ते मी लिहिण्याआधी संध्याकाळी सात वाजता खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटं बसून खात्री केली. उणिवेच्या शेजारी एखादी जमेची बाजू ठेवायला हरकत नाही, मात्र ती तपासलेली असावी. उणीव झाकायला जोडलेली जमेची बाजू वाचणाऱ्याला लगेच कळते.

अंतराचंही असंच. "हाकेच्या अंतरावर" असलेलं मेट्रो स्टेशन म्हणजे पौड रोडवरचं आनंदनगर, वनाझ ते रामवाडी मार्गावरचं. नकाशात सरळ रेघ काढली तर ते जवळ दिसतं. सोमवारी सकाळी सव्वानऊला मी सोसायटीच्या फाटकापासून चालत निघाले, रस्ता ओलांडला, जिना चढले, तेव्हा घड्याळात १४ मिनिटं झाली होती. आता जाहिरातीत "आनंदनगर मेट्रो १४ मिनिटं चालत" असं आहे. रोज मेट्रोने जाणाऱ्याला १४ मिनिटं चालतात की नाही ते त्याचं तो ठरवेल. "सर्व सुविधा जवळ" ही ओळ तर पूर्ण काढली आणि त्या जागी तीनच गोष्टी ठेवल्या: खालच्या मजल्यावरचं किराणा दुकान, चार मिनिटांवरची भाजीची रोजची हातगाडी, आणि सात मिनिटांवरचा बस थांबा.

पाण्याच्या ओळीसाठी मी सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना गाठलं. वरच्या टाकीमुळे नळाला एरवी दिवसभर पाणी असतं, पण एप्रिल-मे मध्ये टँकर मागवावे लागतात आणि तेव्हा सोसायटी सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ एवढंच पाणी सोडते. "२४ तास पाणी" वाचून जूनमध्ये राहायला आलेला भाडेकरू पुढच्या एप्रिलमध्ये घर सोडायच्या गोष्टी करतो. म्हणून वर्षातली सगळ्यात वाईट वेळ लिहायची. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्येच येतो की वेगळा वाटून घेतात, हेही विचारून घ्या. इथे तो मेंटेनन्समध्येच होता.

पार्किंगला टेप लावल्यावर दोन नकारांचं कोडं सुटलं. जागा इमारतीखाली, झाकलेली, हक्काची आहे, पण दोन खांबांमधलं अंतर ७ फूट ८ इंच. हॅचबॅक आरामात बसते. मोठी एसयूव्ही आत जाते खरी, पण दार इतकं कमी उघडतं की चालकाला बाहेर पडताना अंग चोरावं लागतं. लिहिलं तसंच: एक झाकलेली जागा, खांबांमधलं अंतर ७ फूट ८ इंच, छोट्या गाडीला योग्य, शिवाय दोन दुचाकी.

"सेमी-फर्निश्ड" ला ठरलेला अर्थ नाही. कुणाला त्यात पंखे-दिवे दिसतात, कुणाला सोफा आणि फ्रीजसुद्धा. जाहिरात भरताना तो पर्याय निवडावाच लागतो, तो निवडा, पण मजकुरात मोजून लिहा. मावशीच्या घरात दोन कपाटं, स्वयंपाकघरात ट्रॉल्या, पाच पंखे, सगळीकडे दिवे, एकाच बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर, मोठ्या बेडरूममध्ये एसीचा पॉइंट, पण एसी नाही. हे "पण नाही" लिहिणं महत्त्वाचं. "एसी पॉइंट" एवढंच वाचून एसी आहे असं समजणारे भेटतात.

"फक्त फॅमिली" वर आमचं जरा वाजलं. मी विचारलं, आई आणि नोकरी करणारा मुलगा आले तर ती फॅमिली ना? दोघी बहिणी आल्या तर? मावशी म्हणाली, "मला फक्त रात्रीचा गोंधळ नको गं." मग तेच लिही ना! सोसायटीचा काही लेखी नियम आहे का, तेही सेक्रेटरीकाकांना विचारलं. असा काही ठराव नव्हता. त्यांना नोंदणी केलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पावती हवी होती, एवढंच. तिच्या वहीत या ओळीमुळे फोनवरच परत गेलेले पाच जण होते, त्यांत नोकरी करणाऱ्या दोन बहिणी होत्या. त्या मला अजून आठवतात, कारण त्यांना हवं होतं ते सगळं या घरात होतं.

पैशाबाबत मी कडक आहे. "वाजवी" हा शब्द जाहिरातीत नकोच. भाडं २६,००० रुपये, सोसायटीचा मेंटेनन्स मावशी भरणार, वीजबिल भाडेकरूचं, डिपॉझिट ७५,००० रुपये. करार ११ महिन्यांचा, दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस, सोडताना रंगकामाची कपात नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. त्याचा खर्च कोण देणार हेही लिहून टाका. या आकड्यांवर मुद्रांक शुल्क साधारण साडेसातशेच्या आत येतं आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. रक्कम छोटी आहे, पण ती ऐनवेळी पुढे आली की माणसाला वाटतं, अजून काय काय निघणार?

इथपर्यंत आम्ही फक्त हवा काढली होती. जाहिरात खरी झाली, पण कोरडी. ओढ लावणारं काय लिहायचं, हे घरमालकाला बहुधा सुचत नाही, कारण तो त्या घरात राहत नाही. म्हणून मी आधीच्या भाडेकरूताईंना फोन केला, त्या चार वर्षं राहिल्या होत्या. एकच विचारलं: नव्या घरी गेल्यावर इथलं काय आठवतं? त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, स्वयंपाकघर. उत्तरेची खिडकी, समोर सोसायटीची बाग आणि मोठं झाड, मध्ये एकही इमारत नाही. दिवसभर उजेड, ऊन मात्र नाही. आणि त्याला लागून झाकलेली ड्राय बाल्कनी, जिथे पावसाळ्यातही कपडे भिजत नाहीत. मावशीच्या जाहिरातीत स्वयंपाकघराचा एक शब्द नव्हता! फोनच्या पडद्यावर "अजून वाचा" च्या आधी दोनच ओळी दिसतात, आणि त्या दोन ओळींत तिने "मध्यवर्ती" आणि "हाकेच्या अंतरावर" भरून ठेवलं होतं.

नवी जाहिरात ही:

"स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला, समोर सोसायटीची बाग. कोथरूड, आनंदनगर मेट्रोपासून १४ मिनिटं चालत. २ बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट. भाडे २६,००० (मेंटेनन्स धरून), डिपॉझिट ७५,०००.

स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला, समोर सोसायटीची बाग. दिवसभर उजेड, थेट ऊन नाही. लागून झाकलेली ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशीनचा पॉइंट.

आतून मोजून ६२७ चौ. फूट: हॉल १७×११, स्वयंपाकघर ९×९, बेडरूम १३×११ आणि ११×१०. बाल्कनी ९×४ वेगळी. दार पूर्वेला, हॉलची बाल्कनी पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर ऊन, चिक लावलेली आहे. लहान बेडरूमच्या खिडकीसमोर दहा फुटांवर भिंत आहे, दिवसा दिवा लागतो. रस्त्याचा आवाज येत नाही.

दोन कपाटं, किचन ट्रॉल्या, पाच पंखे, दिवे, एका बाथरूममध्ये १५ लिटर गीझर. एसीचा पॉइंट आहे, एसी नाही. पलंग, सोफा, फ्रीज नाही.

एक झाकलेलं कार पार्किंग (खांबांमधलं अंतर ७ फूट ८ इंच, छोट्या गाडीला योग्य) आणि दोन दुचाकी. पाणी दिवसभर, एप्रिल-मे मध्ये सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९. खालच्या मजल्यावर किराणा दुकान, चार मिनिटांवर भाजीची रोजची हातगाडी, सात मिनिटांवर बस थांबा.

११ महिन्यांचा नोंदणीकृत करार, खर्च निम्मा-निम्मा. एक महिन्याची नोटीस. रंगकामाची कपात नाही. कुटुंब किंवा नोकरी करणारे, कोणीही चालेल. रात्री दहानंतर शांतता हवी."

फोटोंचं थोडक्यात सांगते. मोबाइलच्या ०.५ लेन्सने काढलेले जुने फोटो सगळे काढून टाकले, त्यांत हॉल बैठकीच्या सभागृहाएवढा दिसत होता. साध्या लेन्सने, छातीच्या उंचीवरून, दारात उभं राहून, सकाळी दहाच्या उजेडात काढले. पहिला फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीचा. लहान बेडरूमचा फोटो दिवा लावून काढला आणि खाली "दिवा लावलेला" असं लिहिलं. पार्किंगचाही एक, दोन्ही खांब दिसतील असा.

पुढच्या दहा दिवसांत फोन फक्त नऊ आले. मावशी पहिल्या आठवड्यात बेचैन होती, रोज संध्याकाळी मला विचारायची. नऊपैकी चार जण बघायला आले, दोघांना घर हवं होतं, आणि त्यातल्या एका कुटुंबाने दुसऱ्या दिवशी टोकन दिलं. लहान बेडरूम बघून त्यांतली ताई म्हणाली, "लिहिलं होतं तशीच आहे. आमच्या यांची नाइट शिफ्ट असते, झोपायला बरी."

जाहिरातीने सुटणार नाही असा एक दोष मात्र असतो, तो म्हणजे भाडंच जास्त असणं. तो ओळखायचा असा: मजकूर खरा केल्यानंतर आलेले लोक घराबद्दल एकही तक्रार करत नाहीत, तरी थांबत नाहीत, किंवा भाड्यावरच घासाघीस करतात. तेव्हा त्याच भागातल्या चार-पाच घरांची भाडी कार्पेट एरियाशी ताडून बघा, विक्रीच्या आकड्याशी नाही, आणि भाडं उतरवा. मावशीला ती वेळ आली नाही.

आणि फोन उचलताना वही जवळ ठेवा. एकच प्रश्न दोघांनी विचारला, तर त्याचं उत्तर त्याच दिवशी जाहिरातीत घाला. नऊपैकी तिघांनी विचारलं होतं, "फ्रीज कुठे बसेल?" मावशीने टेपने मोजलं. ओट्याच्या शेजारची जागा २८ इंच, मोठा दोन दारी फ्रीज तिथे बसत नाही, तो हॉलमध्ये ठेवावा लागतो. ती ओळ आता जाहिरातीत "फ्रीज नाही" च्या पुढे आहे.